नव्या शाळेत निघालेल्या सईला

॥ श्री ॥

वाई
रथसप्तमी, २५ जानेवारी २०२६

चि. सई हिस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टाने हे पत्र मेलबर्नला कधी पोचेल देव जाणे, म्हणून तुझा आत्येभाऊ याचा फोटो काढून आधी फोनवर पाठवणार आहे. पण कागद आला की तोही जपून ठेव.

आज रथसप्तमी. सकाळी पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढला, अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवलं. पूर्वेकडे उतू गेलं! आजोबा म्हणाले, "चला, सईच्या वाटणीचं गेलं." आता दुपारी हळदीकुंकू आहे. या वर्षी वाण म्हणून चहाची गाळणी देणार आहे, कारण प्लास्टिकचे डबे सगळ्यांच्या घरी ढिगाने झालेत.

तर या आठवड्यात तुझी हायस्कूलची सातवी सुरू. आमच्याकडे शाळा म्हणजे जून, पाऊस आणि भिजलेली दप्तरं, आणि तुमच्याकडे ऐन उन्हाळ्यात! टोपी विसरू नकोस. प्राथमिक शाळेत टोपी नसली तर खेळायला सोडत नसत म्हणून घालत होतीस. आता कुणी हटकलं नाही तरी घालायची. ऊन तेच आहे.

परवा फोनवर तू बोललीस थोडं आणि गप्पच जास्त होतीस. तुझ्या आईने मग सांगितलं, मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं याचाच तुला घोर लागलाय. "होईल सगळं छान" असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस वाईटच जातात.

माझं माहेर मेणवलीचं. चौथीपर्यंत गावात शिकले आणि पाचवीला वाईच्या शाळेत आले, १९६७ साली. रोज तीनेक किलोमीटर पायी. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे एबीसीडीसुद्धा तिथेच पहिल्यांदा गिरवली. वाईच्या मुली आपापल्या घोळक्यात आणि मी पाण्याच्या टाकीपाशी एकटी, भाकरी-झुणका खात. भाकरी दप्तराआड धरून खायची, कुणी बघू नये म्हणून. एके दिवशी बोपर्डीची कमल समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्याकडे कांदा आहे का? माझ्या आईने द्यायचा विसरला." झालं! ओळख बिळख काही नाही, थेट कांदा. तिलाही कुणी नव्हतं, हे मला मागाहून कळलं. त्याच डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला, घरं हादरली, लोक कितीतरी रात्री अंगणात झोपले. आमचे वर्गही काही दिवस झाडाखाली भरले. तेव्हा आम्ही दोघी एका गोणपाटावर बसायचो. आज हळदीकुंकवाला पहिली तीच येईल आणि सगळ्यांच्या आधी गाळणीला नावं ठेवेल.

तेव्हा तू घोळक्यांकडे बघत बसू नकोस. एकटी बसलेली कोण आहे ते बघ आणि तिच्याकडे काहीतरी माग. पेन्सिल माग, वर्ग कुठे ते विचार. देण्यापेक्षा मागितल्याने ओळख लवकर होते असा माझा अनुभव आहे. तुझ्या आईला पटणार नाही, ती आधी डबा पुढे कर म्हणेल. तिचंही करून बघ.

डब्यावरून आठवलं. थालीपिठाच्या वासाला कुणी नाक मुरडलं तर त्याला तुकडा देऊ नकोस. आपणच खायचं, सावकाश. मेतकूट आणि तिळाच्या वड्या पाठवायच्या होत्या, पण तुझा बाबा म्हणतो विमानतळावर एकूण एक पुडी उघडून दाखवावी लागते, नको. म्हणून शेजारच्या काकूंची सून मार्चमध्ये येतेय, तिच्याबरोबर खणाचं पाऊच पाठवते आहे. जुन्या चोळीचा खण आहे, निळा, काठाला लाल. आत अस्तर लावलंय, म्हणजे कंपासचं टोक बाहेर येणार नाही. चेन मात्र जरा अडकते, मेण चोळ.

ट्रामने एकटी जाणार आहेस म्हणे. चढलीस की कार्ड लाव, आणि उतरायच्या आधी फोनमधून डोकं वर काढ.

तुझी शाळा साडेतीनला सुटते तेव्हा इथे सकाळचे दहा वाजलेले असतात. माझी पूजा झालेली असते, कुकर व्हायचा असतो. तेव्हा फोन कर. पहिल्या दिवशी रडू आलं असेल तर तसं सांग, नसेल आलं तर काय खाल्लंस ते सांग. उद्या तुम्हालाही सुट्टी आणि आमच्याकडेही झेंडावंदन, म्हणून आई-बाबांना घेऊन बोललीस तरी चालेल.

आई-बाबांना आशीर्वाद. धाकट्याला पापा.

तुझी,
आजी

ता. क. आजोबा विचारतायत, लॅपटॉप शाळा देते की आपण घ्यायचा? आपण घ्यायचा असेल तर त्यांना काहीतरी म्हणायचंय, पण काय ते मला सांगत नाहीत.