स्वयंमूल्यमापन अहवाल २०२४-२५ : अधिपरिचारिका, एसएनसीयू

पद : अधिपरिचारिका
कक्ष : नवजात शिशु विशेष दक्षता कक्ष (एसएनसीयू), जिल्हा रुग्णालय
कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५
शैक्षणिक अर्हता : जीएनएम, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू
एकूण सेवा : ११ वर्षे, त्यांपैकी या कक्षात ४ वर्षे
प्रतिवेदन अधिकारी : अधिसेविका

१. नेमून दिलेले काम

तीन पाळ्यांत बाळांची शुश्रूषा, औषधे, दूध पाजणे, वॉर्मर आणि फोटोथेरपीवरची देखरेख, दाखल-डिस्चार्जच्या नोंदी. ऑगस्टपासून परिसेविका सिस्टर रजेवर असतील तेव्हा कक्षाचा प्रभार माझ्याकडे असतो. नवीन आलेल्या दोन सिस्टरना कक्षाचे काम शिकवण्याची जबाबदारीही याच वर्षी मिळाली. दाखल, मृत्यू, संदर्भित अशा सगळ्या बाळांचे आकडे मासिक अहवालात गेलेलेच आहेत, म्हणून ते इथे पुन्हा उतरवत नाही. त्या आकड्यांत जे दिसत नाही, त्यावरच लिहिते.

२. वर्षातील उल्लेखनीय काम

कांगारू मातृसेवा. माझ्या मते या वर्षातले हे सगळ्यांत मोठे काम. कमी वजनाच्या बाळाला रोज किमान आठ तास आणि जमेल तितके जास्त आईच्या छातीशी ठेवावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितले आहे. आमच्याकडे केएमसी होत होती, पण ती सकाळच्या राउंडनंतर तासभर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. सिझर झालेली बाई त्या खुर्चीवर किती वेळ बसणार?

नोंदी ठेवायच्या तर आयांनीच ठेवाव्यात, असे सुचवले. प्रत्येक वॉर्मरला एक कागद अडकवला. बाळ छातीशी धरून एक तास झाला की आईने एक रेघ मारायची. लिहिता न येणाऱ्या आईलाही हे जमते, आणि शेजारच्या कागदावर रेघा जास्त दिसल्या की चुरसही लागते. पंधरवड्यात कागदांनीच खरी अडचण दाखवली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत रेघाच रेघा आणि रात्र कोरी. आया खालच्या मजल्यावरच्या प्रसूतिपश्चात वॉर्डात झोपतात आणि रात्री सुरक्षारक्षक त्यांना वर सोडत नाही, एवढेच कारण होते.

मेट्रन मॅडमच्या सहीने आयांसाठी रात्रीचे पास काढले. भांडारात पडून असलेल्या टेकून बसता येणाऱ्या खुर्च्या दुरुस्त करून घेतल्या. लिननच्या मावशींनी जुन्या चादरींचे बांधायचे पट्टे शिवून दिले. बाजारातल्या तयार पट्ट्यांपेक्षा ते बरे निघाले, कारण ते रोज उकळून धुता येतात. आई आजारी असेल तेव्हा आजी आणि वडील यांनाही बसवू लागलो. कुटुंबाला शुश्रूषेत सामील करण्याच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही तेच म्हटले आहे. एका वडिलांनी आधी "हे बायकांचं काम" म्हणून अंग चोरले. नंतर तेच रात्री दोनला उठून पट्टा बांधून मागू लागले. त्यांचे बाळ दाखल झाले तेव्हा १,१५० ग्रॅमचे होते, आणि घरी गेले ते वाटी-चमच्याने दूध घेत.

सगळ्याच आया आठ तास गाठतात असे नाही. घरी दुसरे लहान मूल असलेल्या आईला ते शक्य नसते, आणि तिच्यावर मी त्यासाठी दबाव आणत नाही.

औषधांचा तक्ता. जेंटामायसिनच्या दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये ८० मिलीग्रॅम औषध असते. डॉक्टरांनी १,२०० ग्रॅमच्या बाळाला ६ मिलीग्रॅम लिहिले, तर थेट अँप्यूलमधून ते ०.१५ मिली होते. एवढ्याशा प्रमाणात रेघ थोडी चुकली तरी डोस बराच बदलतो. म्हणून एक मिली औषधात तीन मिली निर्जंतुक पाणी घालायचे, मग एका मिलीत १० मिलीग्रॅम बसते आणि तोच डोस ०.६ मिली होतो. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक होती, पण प्रत्येक सिस्टर आपापल्या सवयीने करत असे. बालरोगतज्ज्ञांशी बसून कक्षात नेहमी लागणाऱ्या औषधांचा एकच तक्ता केला, त्यांची सही घेतली आणि तो औषधांच्या ट्रॉलीवर लॅमिनेट करून लावला. पोटॅशियम क्लोराइड वेगळ्या डब्यात, लाल पट्टी लावून. पातळ केलेले औषध दुसऱ्या सिस्टरने बघून सही केल्याशिवाय द्यायचे नाही. रात्रपाळीत दुसरी सिस्टर नसेल तर निवासी डॉक्टरांनी बघायचे. सुरुवातीला काहींना हे वेळखाऊ वाटले. आता कोणी कुरकुरत नाही.

थंड पडून येणारी बाळे. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून येणारी बाळे बरेचदा ३६ च्या खाली असतात. मग पहिले काही तास उपचाराऐवजी त्यांना ऊब देण्यातच जातात. दाखल होतानाचे तापमान मी पाठवणाऱ्या केंद्राच्या सिस्टरना त्याच दिवशी फोनवर कळवू लागले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. पुढच्या वेळी त्याच केंद्रातून बाळ टोपी-मोज्यांसह, आईच्या छातीला बांधून १०२ च्या गाडीतून आलेले बघितले आहे. हे काम अधिकृत पातळीवर व्हावे अशी विनंती आहे. एका सिस्टरच्या मोबाइलवर ते किती दिवस चालणार?

इतर. स्वच्छता आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या अंतर्गत तपासणीत कक्षाच्या त्रुटी निघाल्या त्या मावशींबरोबर बसून दूर केल्या. नवीन सिस्टरपैकी एक आता स्वतंत्र पाळी सांभाळते, दुसरी अजून माझ्यासोबत असते. रजा मंजूर मर्यादेतच घेतली.

३. अपूर्ण राहिलेले उद्दिष्ट आणि कारण

डोळ्यांची तपासणी, म्हणजे आरओपी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिनाभरात तपासायला हवा. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर. आम्ही डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून देतो. डोंगरातल्या तालुक्यांतून आलेली आई तारखेला परत येत नाही, हे तिच्या निष्काळजीपणामुळे नाही. एसटी एकच, शेतमजुरी बुडते, आणि बाळ तर डोळे उघडून छान बघतेय! या बाळांपैकी तपासणी झालेल्यांचे प्रमाण वर्षभरात ठरवलेल्या पातळीला पोचले नाही.

उपाय मला एकच दिसतो. नेत्रतज्ज्ञांनी ठरलेल्या वारी कक्षातच येऊन तपासावे, म्हणजे बरीच बाळे घरी जायच्या आधीच बघून होतील. ज्यांना पुन्हा बोलवायचे आहे त्यांची यादी त्या गावच्या आशाताईंकडे जावी. त्या बाळाच्या घरी भेटी देतातच. हे माझ्या अधिकारातले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. प्रशिक्षणाची गरज

क्रम महत्त्वाप्रमाणे लावला आहे.

बबल सीपॅप. एफबीएनसीचे चार दिवसांचे वर्ग मी पूर्ण केले आहेत. त्यापुढचे दोन आठवड्यांचे निरीक्षण प्रशिक्षण मनुष्यबळाअभावी दोनदा पुढे ढकलले गेले. कक्षात सीपॅपचे यंत्र आहे, मी ते लावते. पण नाकाच्या मधल्या पडद्यावर जखम होऊ नये म्हणून नळी कशी बसवायची, पोट फुगले तर काय, ऑक्सिजन कमी करत कधी आणायचा, हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या कक्षात रोज दहा बाळांवर बघितल्याशिवाय हातात येत नाही. वर्गातल्या पडद्यावर बघून तर नाहीच.

आगीच्या वेळी बाळे बाहेर काढण्याचा सराव. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आमच्यासारख्याच कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर अग्निशमन यंत्रे आली, तपासण्या झाल्या. पण आमचा सराव अजून मैदानात होतो. पिन ओढायची, नळी धरायची, फवारा मारायचा, फोटो काढायचा. मला सराव हवा तो कक्षात, रात्रीच्या मनुष्यबळावर, दिवे घालवून. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, सलाइनची सुई तशीच ठेवून बाळ कसे उचलायचे, एका सिस्टरने एका फेरीत किती बाळे न्यायची, खाली कुणाच्या हाती द्यायची आणि कुठली आई कुठल्या बाळाची हे कसे ओळखायचे. वजनाच्या बाहुल्या वापरून हे अर्ध्या दिवसात करता येईल. यात सिस्टरच नाहीत तर मावशी, सुरक्षारक्षक आणि वीजतंत्री हवेतच.

पावरी आणि भिलोरी. आमच्याकडच्या अनेक आयांची मराठी बाजारापुरती आहे. "दूध काढून ठेव" हे खुणांनी सांगता येते. "श्वास थांबल्यासारखा वाटला तर पायाच्या तळव्याला चोळ आणि लगेच हाक मार" हे खुणांनी सांगता येत नाही. सध्या दुसऱ्या बाळाची आजी किंवा चहावाला मुलगा दुभाषी होतो. बोलीभाषेचे थोडे तास आठवड्याला मिळाले तरी पुरे, शिकवायला आशाताई तयार आहेत. हे प्रशिक्षणाच्या यादीत बसत नसेल तर सेवांतर्गत शिक्षणात धरावे.

बाळ गेल्यावर आई-वडिलांशी बोलणे. डॉक्टर बातमी सांगून जातात, ते बरोबरच आहे, पुढचे बाळ वाट बघत असते. त्यानंतरचा तास सिस्टरच्या वाट्याला येतो. बाळ हातात द्यावे का, दूध भरून आलेल्या आईला काय सांगावे, तिला इतर बाळंतिणींच्या वॉर्डातून हलवावे का, हे प्रत्येक जण आपल्या बुद्धीने करते. समुपदेशकांचे एखादे सत्र उपयोगी पडेल.

संगणक. ऑनलाइन नोंदी मी करते, पण त्यांतून महिन्याचा तक्ता काढता येत नाही. डेटा एंट्री ऑपरेटरांनी एक दुपार दिली तरी शिकेन.

हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचे प्रशिक्षण दर वर्षी होते आणि मला त्या झोपेतही येतात. यंदा माझी जागा नवीन सिस्टरला द्यावी.

५. पुढील वर्षासाठी

रात्रीची केएमसी टिकवणे, डिस्चार्जपूर्वी आरओपी तपासणीची व्यवस्था लागली तर तिचे रजिस्टर सांभाळणे, आणि दुसरी नवीन सिस्टर जूनपर्यंत स्वतंत्र पाळीला तयार करणे. ती तयार झाली की माझ्या जागी पाळी लावणे शक्य होईल. म्हणून निरीक्षण प्रशिक्षणासाठी जुलैमधले कोणतेही दोन आठवडे द्यावेत आणि पदस्थापनेचे पत्र निदान पंधरा दिवस आधी मिळावे, ही विनंती.

अधिपरिचारिका, एसएनसीयू
दिनांक : १० एप्रिल २०२५