१५० टनी चिलरच्या सर्किट २ मधील वारंवार बिघाडाबद्दल वॉरंटी दावा

पुणे, दि. २ जून २०२५

प्रति,
सेवा विभागप्रमुख,
चिलर पुरवठादार कंपनी, पुणे शाखा

विषय: बाणेर येथील आमच्या इमारतीतील १५० टन क्षमतेचा वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर (आर-१३४ए, दोन सर्किट). वॉरंटीखाली दुरुस्ती व भरपाईची मागणी.

संदर्भ: खरेदी करारातील वॉरंटीचे कलम. कमिशनिंग १४ मार्च २०२४, मुदत २४ महिने.

महोदय,

वरील चिलरचे सर्किट २ सप्टेंबरपासून पुन्हापुन्हा बंद पडत आहे. १२ सप्टेंबर २०२४ आणि ३० जानेवारी २०२५ रोजी ते तेलाची पातळी कमी झाल्याच्या अलार्मवर ट्रिप झाले. दोन्ही वेळा आपल्या तंत्रज्ञांनी तेल भरून अलार्म रिसेट केला. २४ फेब्रुवारीला बेअरिंग जाऊन कॉम्प्रेसर जाम झाला. १८ मार्चला आपण नवा कॉम्प्रेसर बसवला. त्यानंतर २२ एप्रिल, ९ मे आणि २८ मे रोजी पुन्हा तोच अलार्म आला. कॉम्प्रेसर बदलूनही दुखणे तसेच राहिले, याचा अर्थ मूळ दोष कॉम्प्रेसरमध्ये नव्हता.

तो कुठे आहे हे बीएमएसच्या दर मिनिटाच्या नोंदींत दिसते. २२ एप्रिलला ट्रिप होण्याआधीच्या नोंदी पाहाव्यात. दोन्ही कॉम्प्रेसरवर तेव्हा सुमारे ८० टक्के लोड होता.

| वेळ | व्हॉल्व्ह उघडा, स. १ / स. २ | सक्शन सुपरहीट, स. १ / स. २ | डिस्चार्ज सुपरहीट, स. १ / स. २ |
|---|---|---|---|
| १४:०२ | ४८% / ६१% | ६.१° / १.४° | १४° / ६° |
| १४:०६ | ४९% / ३४% | ६.०° / ७.९° | १४° / ९° |
| १४:१० | ४८% / ६६% | ६.२° / ०.३° | १४° / ३° |
| १४:१३ | ४८% / ० | ६.१° / ट्रिप | १४° / ट्रिप |

सर्किट १ चा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जागचा हलत नाही आणि सर्किट २ चा सारखा वरखाली होतो. सुपरहीट शून्याजवळ आले की द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, तेल पातळ होऊन फेसाळते आणि डिस्चार्जबरोबर वाहून जाते. बेअरिंगला वंगण मिळत नाही. फेब्रुवारीत नेमके हेच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. ९ आणि २८ मे च्या नोंदींचा आलेखही याच वळणाचा आहे. दोष व्हॉल्व्हमध्ये आहे, त्याच्या ड्रायव्हरमध्ये की सक्शनच्या सेन्सरमध्ये, हे शोधणे आपले काम. मात्र आपल्या एकाही सर्व्हिस रिपोर्टमध्ये या तीनपैकी कशाची तपासणी केल्याची नोंद नाही.

मार्चच्या रिपोर्टमध्ये ‘पाण्याची गुणवत्ता व व्होल्टेज’ असे कारण लिहून आपण गॅस, क्रेन आणि मजुरीचे १,८६,४०० रुपयांचे बिल पाठवले. हे कारण आम्हाला मान्य नाही. दोन्ही सर्किटना पाणी एकाच कूलिंग टॉवरचे आणि वीज एकाच पॅनेलची मिळते. पाणी किंवा वीज खराब असती, तर सर्किट १ इतके सुरळीत चालले नसते. शिवाय कंडेन्सर अप्रोच २ अंशांच्या आत आहे, म्हणजे नळ्यांवर क्षार साचलेला नाही. पाण्याचे मासिक अहवाल सोबत आहेत. २२ एप्रिलला व्होल्टेज ४०८ ते ४१९ च्या दरम्यान होते.

तिसऱ्या मजल्यावर डायलिसिस केंद्र आहे. २२ एप्रिलला चिलर अर्ध्या क्षमतेवर आल्यावर तिथले तापमान ३१ अंशांवर गेले. चार-चार तास मशीनला जोडलेल्या रुग्णांना उठून दुसरीकडे बसता येत नाही. आम्ही इतर मजल्यांचे एएचयू बंद करून सगळे थंड पाणी तिकडे वळवले. असा प्रसंग पुन्हा येऊ देण्याची आमची तयारी नाही.

म्हणून वॉरंटीखाली आमची मागणी अशी: सर्किट २ चा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायव्हर आणि सक्शनचे दोन्ही सेन्सर विनामूल्य बदलावेत. मार्चमध्ये बसवलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाचा नमुना दोन्ही पक्षांसमक्ष घेऊन तपासावा. त्यात बेअरिंग झिजल्याचे दिसले तर कॉम्प्रेसरही बदलावा. काम झाल्यावर पूर्ण लोडवर ७२ तासांची चाचणी आमच्या प्लांट ऑपरेटरसमोर व्हावी. सर्किट २ ची वॉरंटी त्या चाचणीच्या तारखेपासून नव्याने २४ महिने धरावी आणि वरील बिल रद्द करावे.

लेखी उत्तर ९ जूनपर्यंत मिळावे आणि काम २३ जूनपर्यंत पूर्ण व्हावे. तसे न झाल्यास आम्ही बाहेरच्या तज्ज्ञांकडून दुरुस्ती करून घेऊ, तिचा खर्च आपण दिलेल्या १० टक्के बँक हमीतून वसूल करू आणि माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५९ नुसार भरपाईचा हक्क राखून ठेवू. आपल्या कारखान्याचा अभियंता आल्यास बीएमएसचा मूळ डेटा त्याच्यासमोर उघडून दाखवू. तोपर्यंत सर्किट २ आम्ही बंद ठेवत आहोत.

आपला,
इमारतीचा मालक
बाणेर, पुणे

सोबत: अलार्म हिस्टरी, तिन्ही ट्रिपच्या बीएमएस नोंदी, ऑपरेटरच्या लॉगशीट, आपले सर्व्हिस रिपोर्ट, पाण्याचे अहवाल, वादग्रस्त बिलाची प्रत.