पाचवा पेला

रंकाळ्यावर रोज पहाटे फिरायला जायचे असे आम्ही पाच मित्रांनी ठरवले खरे, पण तिथे नेमाने पोहोचतात ते चौघेच. पाचव्याची आम्ही कित्येक वर्षे वाट पाहत आहोत. उद्या त्याचा वाढदिवस आहे. म्हणून आज रात्रीच्या जेवणाला, म्हणजे तो हमखास जागा असतो अशा वेळी, त्याच्यासमोर म्हणण्यासाठी हा फटका रचला आहे. तो ठेक्यात म्हणावा, आणि 'पाचच मिनिटे' ही ओळ आली की चौघांनी मिळून सूर लावावा.

रंकाळ्यावर पहाटवारा
पाण्याला हलवुन गेला,
गोधडीतुनी तुझा अंगठा
एकटाच जागा झाला.

अंबाबाईच्या देवळात
काकडारती झाली रे,
घंटा ऐकुन चिमण्या उठल्या,
तुला न जागच आली रे.

गंगावेशित दुधकट्ट्यावर
म्हैस उभी अन् धार सुरू,
चौघे प्यालो, तुझाच पेला
हाती कितिदा बरे धरू?

फेस चढे जो पेल्यावरती
बोटभराचा, ऊन, मऊ,
वाट पाहुनी हळूहळू तो
विरतो, आम्ही तेच पिऊ?

मोबाइलवर सात गजर तू
लावुन घोरत निजशी रे,
'पाचच मिनिटे, पाचच मिनिटे'
म्हणता म्हणता थिजशी रे.

पहिल्या गजरी उठते आई,
जाग दुजा दे शेजारा,
तिसऱ्याने तर गल्ली उठते,
तूच ओंडका निजणारा.

घोरण्यातही ताल असा की
ट्रॅक्टर वाटे चढणीला,
ऊस भरोनी दोन ट्रॉलिया
ओढुन पुरता दमलेला.

कोंबडा तुझ्या शेजारिल तो
आरवुनी थकला पुरता,
शेवटी तोहि डोळे मिटतो,
तुजसंगे घोरत नुसता.

मुंबइला जायाचे होते
सकाळची कोयना धरुन,
गाडी सुटली, मिरज गाठली,
फोन तुझा, "आलोच उठुन!"

खिडकीपाशी तुझी रिकामी
जागा आम्ही राखियली,
भडंगपिशवी तिथे बसोनी
मुंबइला ऐटित शिरली.

तालमीत तू नाव घातले
पहाटजोरांसाठी रे,
वस्ताद म्हणे, "अंथरुणाशी
कुस्ती याची मोठी रे!

गोधडीच हा डाव टाकते,
दोन्ही खांदे टेकवते,
चितपट याला रोज करोनी
खासबागही लाजवते!"

पन्हाळगडचा सूर्य पाहण्या
बेत शिजविला तूच खरा,
गडावरी तू येता येता
सूर्य म्हणाला, "जाउ घरा?"

सूर्यवंशि तू म्हणुन मिरविशी,
सूर्य तुला ओळखत नसे,
तोंड तयाचे मावळतीचे
तेवढेच तुज ठाउकसे.

किरणोत्सव मग आला म्हणजे
हर्ष तुझा मावत नाही,
सांजकिरण देवीस भेटती,
म्हणशी, "माझी वेळच ही!"

नोव्हेंबर अन् जानेवारी,
उभा पुढे तू रांगेला,
वर्षामधुनी तेवढेच दिस
वेळेवर तू आलेला.

मिसळीचा कट संपुन जातो,
बाकावरती पाव उरे,
डोळे चोळित येशी तेव्हा
म्हणशी, "वाढा गरम बरे!"

मालक म्हणतो, "दुपार झाली,
चुलीवरी रस्सा चढला,
न्याहारीला आला भाऊ,
जेवणास आता बसला!"

आई म्हणते, "लग्न काढिता
मुहूर्त घ्यावा सांजेला,
सकाळ धरली तर अक्षतही
पडेल याच्या शेजेला!"

हसतो आम्ही, तरी खरे ते
तुजविण सगळे अडलेले,
चौघांमधले बोलणेहि बघ
अर्ध्यावरती पडलेले.

पाण्यावरती धुके उतरते,
संध्यामठही त्यात बुडे,
तुला दाखवू म्हणता म्हणता
धुके विरुनिया ऊन पडे.

वाढदिवस हा उद्या तुझा, तर
पाच वाजता येऊ रे,
गोधडीसवे उचलुन तुजला
कट्ट्यावरती नेऊ रे.

धार नवी अन् तुझाच पेला
फेसासह ओठी लावू,
मिशी पांढरी तुझी बघोनी
सूर्याला मग बोलावू!