दृष्टांताच्या दोन तासिका: इयत्ता सहावी, मराठी (सूचना, वाचनपत्रिका आणि तीन गटांच्या कृती)

मॅडम,

सोमवारी आणि मंगळवारी मी तालुक्याला प्रशिक्षणाला आहे. सहावीची मराठीची तासिका तुमच्याकडे येतेय, म्हणून सगळं लिहूनच ठेवतो. पत्रिकांच्या झेरॉक्स कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, तीन गठ्ठे, वर नाव टाकलंय.

वर्गात लेकरं एकतीस. नऊ जण अजून शब्द जुळवत वाचतात. त्यातली पाच टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती, होळीनंतर आलीत. दोघं तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलतात. चौदा जण परिच्छेद सरळ वाचतात, पण अर्थ विचारला की तेच वाक्य परत वाचून दाखवतात. उरलेली आठ काहीही द्या, पाच मिनिटांत संपवतात आणि मग शेजाऱ्याच्या खोड्या काढतात.

गटांची नावं आपल्या नद्यांची: बिंदुसरा (नऊ जण), सिंदफणा (चौदा), मांजरा (आठ). ‘कच्चा गट’, ‘हुशार गट’ हे शब्द वर्गात नकोत. लेकरांना सगळं कळतंच, तरीही नकोत. गोष्ट तिन्ही गटांना एकच आहे, अर्थही तोच शोधायचाय. बिंदुसराला सोपी गोष्ट दिली आणि अवघड अर्थ मांजराला ठेवला, असं करायचं नाही. ज्याला ‘मुरमाड’ हा शब्द फोडून वाचावा लागतो, त्याला मुरमाड रान बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

सोमवार, पहिली पंधरा मिनिटं: सगळ्यांसाठी, पुस्तकं बंद

खालची गोष्ट सावकाश वाचा. दोनदा. दुसऱ्या वेळी प्रत्येक जागेपाशी थांबा आणि विचारा, ‘आता काय होईल?’

*पेरणाऱ्याची गोष्ट*

दोन हजार वर्षांपूर्वी गालील नावाच्या सरोवराकाठी येशू लोकांशी बोलत होता. गर्दी इतकी झाली की तो एका होडीत जाऊन बसला आणि लोक काठावर उभे राहिले. त्याने त्यांना ही गोष्ट सांगितली.

एक शेतकरी बी पेरायला निघाला. मूठ भरून घ्यायची आणि रानात फेकायची, अशी त्याची पेरणी. फेकता फेकता काही बी पायवाटेवर पडलं. तिथली माती तुडवून घट्ट झालेली. पाखरं आली आणि बी टिपून गेली. काही बी खडकाळ जागी पडलं. वर मातीचा पातळ थर, खाली दगड. तिथे बी पटकन उगवलं, पण ऊन तापलं तसं रोप वाळून गेलं, कारण मूळ खाली गेलंच नव्हतं. काही बी काटेरी झुडपांत पडलं. झुडपं वाढली, रोपाला त्यांनी दाबून टाकलं, दाणा धरला नाही. आणि काही बी चांगल्या जमिनीत पडलं. तिथे कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट पीक आलं.

गोष्ट संपली. ‘ज्याला कान आहेत त्याने ऐकावं,’ एवढंच तो म्हणाला.

एक प्रश्न हमखास येणार: ‘रस्त्यावर कशाला पेरलं? येडा होता का तो?’ आपल्याकडे तिफण चालते, आता ट्रॅक्टरची पेरणी. चाड्यातून बी सरीतच पडतं, त्यामुळे बी वाटेवर जाणं लेकरांना वेडेपणा वाटतो. सांगा की हा शेतकरी हाताने फोकून पेरत होता, आपण वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकतो तसं. हात फिरला की चार दाणे बांधावर, चार वाटेवर जातातच. हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तासभर शेतकरीच गुन्हेगार राहील.

मग फळ्यावर दोन रकाने करा: ‘गोष्टीत दिसतं ते’ आणि ‘गोष्टीमागे आहे ते’. पहिल्यात एकच शब्द लिहा: बी. दुसरा रिकामा ठेवा. तो मंगळवारी भरायचा. तोवर कुणी ‘सर, तात्पर्य सांगू का?’ म्हणून हात वर केला तरी थांबवा. तात्पर्य पाठ करून मोकळं व्हायची सवय आपणच लावलीय.

बिंदुसरा गटाची पत्रिका

(मोठं अक्षर, ओळीत एकच वाक्य. तुम्ही यांच्याजवळ बसा. आधी तुम्ही वाचा, मग सगळे मिळून, मग जोडीने. एकट्याला उभं करून वाचायला लावू नका.)

आधी हे शब्द बोट ठेवून वाचा: बी. माती. पायवाट. पाखरं. खडक. मूळ. काटे. कणीस.

एक शेतकरी होता.
तो बी पेरायला गेला.
काही बी पायवाटेवर पडलं.
पाखरं आली. त्यांनी बी खाल्लं.
काही बी खडकावर पडलं.
तिथे माती थोडी होती.
रोप आलं. ऊन लागलं. रोप वाळलं.
काही बी काट्यांत पडलं.
काटे वाढले. रोप दबलं.
काही बी चांगल्या मातीत पडलं.
मोठी कणसं आली.

१. चार डब्यांत चार मात्या ठेवल्या आहेत: वाटेवरची, मुरूम, काटेकुटे असलेली, काळी. हात लावून बघा. प्रत्येक डब्यापुढे गोष्टीतलं बरोबर वाक्य ठेवा. (वाक्यांच्या पट्ट्या पाकिटात आहेत.)

२. तोंडी सांगा: मुरमाच्या रानात तुमच्या घरी काय पेरतात? पाऊस लांबला की आधी कोणतं रान सुकतं, मुरमाड की काळं? का?

३. वाक्य पुरं करा. आधी बोलून, मग लिहून: ‘खडकावरचं रोप वाळलं, कारण...’ ‘काट्यातलं रोप दबलं, कारण...’

४. मॅडम तुम्हाला काहीतरी सांगतात आणि ते तुमच्या डोक्यात राहतं किंवा राहत नाही. तुमचं डोकं आज कोणत्या डब्यातल्या मातीसारखं होतं? डबा उचलून दाखवा आणि का ते सांगा. ज्याला लिहायचंय त्याने एक ओळ लिहावी.

(चौथा प्रश्न गाळू नका, वेळ कमी पडला तर तिसरा गाळा. कुणी गोरमाटीत सांगितलं तर सांगू द्या, तांड्यावरची दुसरी मुलगी मराठीत करून देते. ऊसतोडीहून आलेल्या लेकरांना ‘बी वाटेवर पडलं’ यातून स्वतःची शाळा बुडाली ते आठवेल. तसं कुणी बोललं तर ऐकून घ्या, समजावत बसू नका.)

सिंदफणा गटाची पत्रिका

(वर दिलेली पूर्ण गोष्ट यांच्या पत्रिकेवर छापली आहे. जोडीने वाचतील.)

१. चार जागा, चार शेवट. प्रत्येक जागेबद्दल गोष्टीतला नेमका एक शब्द किंवा शब्दसमूह अधोरेखित करा, ज्यावरून तुम्हाला बी का टिकलं किंवा का टिकलं नाही ते कळलं. पूर्ण वाक्याखाली रेघ मारलेली चालणार नाही.

२. बी म्हणजे ‘शिकवण’ असं धरा. मग माती म्हणजे कोण? पाखरं, ऊन आणि काटे म्हणजे काय? एक करून दाखवतो: ‘ऊन म्हणजे अडचण. मी व्यायाम करायचं ठरवलं, पण थंडी पडली आणि सोडून दिलं.’ बाकीची तुम्ही तुमच्या घरच्या, रानातल्या किंवा मैदानावरच्या उदाहरणाने लिहा. वर्गातल्या कुणाचं नाव घालायचं नाही.

३. खडकाळ जागेतलं बी लवकर उगवलं. लवकर उगवणं चांगलं की वाईट? दोन-तीन वाक्यांत.

(हा गट अडतो तो दुसऱ्या प्रश्नावर. ‘पाखरं म्हणजे पाखरं’ असं उत्तर येईल. तेव्हा एवढंच विचारा: ‘पाखरं आली नसती तर बी उगवलं असतं का?’ माती घट्ट होती हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. लवकर संपलं तर मांजराची पहिली कृती द्या, हट्टाने थांबवू नका.)

मांजरा गटाची पत्रिका

१. येशूने शिष्यांना या गोष्टीचा अर्थ नंतर स्वतः सांगितला: काट्यांचा अर्थ संसाराच्या चिंता आणि पैशाचा मोह. तुमच्या गावात हाच अर्थ चालेल का? आज काट्यांच्या जागी तुम्ही काय ठेवाल?

२. आपल्याकडे तलावातला गाळ आणून बरड रानावर पसरतात आणि ते रान सुधारतं. गोष्टीतल्या खडकाळ जागेला अशी संधी मिळत नाही. गोष्टीत एक गाळाची गाडी आणा. गोष्ट पुढे लिहा, दहा ओळींत. मग सांगा: तुमच्या बदलाने गोष्टीचा अर्थ बदलला की नाही?

३. आता दुसरा दृष्टांत वाचा.

*हत्ती आणि आंधळे*

गावात हत्ती आला. काही आंधळे त्याला ‘बघायला’ गेले. एकाने पाय चाचपला, तो म्हणाला, हत्ती खांबासारखा. दुसऱ्याच्या हाती कान आला, तो म्हणाला, सुपासारखा. तिसऱ्याने शेपूट धरलं, तो म्हणाला, केरसुणीसारखा. चौथ्याला सोंड लागली, तो म्हणाला, मुसळासारखा. चौघं भांडू लागले. डोळस माणूस आला आणि म्हणाला, ‘तुम्ही सगळे हत्तीबद्दलच बोलताय, पण हत्ती एवढाच नाही.’

तेराव्या शतकात आपल्या गोदाकाठी वावरलेल्या चक्रधरस्वामींनी हा दृष्टांत सांगितला. पुढे त्यांच्या महानुभाव पंथातल्या केशिराज यांनी स्वामींचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. हत्तीची ही गोष्ट बौद्ध आणि जैन परंपरेतही आहे. दृष्टांतपाठात प्रत्येक ठिकाणी तीन भाग असतात: सूत्र म्हणजे मूळ विचार, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट मूळ विचाराला कशी लागू पडते ते.

अ) पेरणाऱ्याच्या गोष्टीला तुमचं सूत्र एका ओळीत लिहा.
आ) हत्तीच्या गोष्टीचं दार्ष्टांतिक तीन-चार ओळींत लिहा. गोष्ट परत सांगू नका.
इ) पेरणाऱ्याच्या गोष्टीत अर्थ सांगायला डोळस माणूस नाही. कोणती पद्धत तुम्हाला पटते? कारण द्या.
ई) एसटी स्टँड, आठवडी बाजार, पाण्याचा टँकर किंवा बोअर, यातलं एक घेऊन स्वतःचा दृष्टांत लिहा. आधी सूत्र ठरवा. गोष्टीत सूत्राचे शब्द येऊ नयेत.

(ई मध्ये नेहमी प्रामाणिक मुलगा आणि सापडलेलं पाकीट येतं. तसं आलं तर परत लिहायला सांगा. टँकरची रांग प्रत्येकाने बघितलीय, तिथे काय घडतं तेवढं विचारा. ‘इ’ला दोन्ही उत्तरं बरोबर, कारण मात्र हवं.)

मंगळवार

पहिली वीस मिनिटं कालचं काम पुरं करा. मग तिघातिघांचे नऊ गट: प्रत्येकात एक बिंदुसरा, एक सिंदफणा, एक मांजरा. उरलेले पाचही सिंदफणाचे. मांजरात आठच जण आहेत, म्हणून या पाचांतला एक नवव्या तिघात बसवा आणि बाकी चौघं जोडीने जिथे जमेल तिथे. बिंदुसरावाला आधी मातीचा डबा घेऊन बोलेल, मग सिंदफणावाला त्या मातीचा माणूस सांगेल, शेवटी मांजरावाला आपला दृष्टांत वाचेल, आणि नवव्या गटात ते वाचन सिंदफणावाला करेल. मांजराची लेकरं मध्येच तोंड घालतील. त्यांना सांगा, तुमची पाळी शेवटी.

उरलेल्या दहा मिनिटांत फळ्यावरचा दुसरा रकाना भरा. पहिलं उत्तर बिंदुसरा गटाकडून घ्या.

वहीत मार्क देऊ नका. प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ पुरे: त्याने गोष्ट सांगितली, अर्थ सांगितला की स्वतःचं उदाहरण दिलं. लिहिण्याच्या चुका आज बाजूला ठेवा. पत्रिका आणि मातीचे डबे कपाटात तसेच राहू द्या, बुधवारी सातवीला लागतील. मुरमाचा डबा सांडतो, झाकण घट्ट लावा.