चौदा ते सतरा

स्वारगेटला बसमधून उतरून मृणालने सॅकच्या पुढच्या कप्प्यात हात घातला, तर चेन आधीच उघडी. आत इअरफोन, कॉलेजचं ओळखपत्र आणि विरघळलेलं चॉकलेट. फोन नाही. बस तोवर वळून गेलीसुद्धा. स्टॉपवरच्या एका मुलीने न विचारता आपला फोन पुढे केला. चार रिंग वाजल्या, पाचवी मधेच तुटली. पुन्हा लावला तर ‘स्विच ऑफ’. पडलेला फोन असा पाचव्या रिंगला बंद होत नाही.

सोमवार होता. पुढच्या सोमवारी बी.फार्मच्या चौथ्या सेमिस्टरचा पहिला पेपर. फार्मॅकॉलॉजी, पंच्याहत्तर मार्क, तीन तास. आणि नोट्स सगळ्या त्या फोनमध्ये. मृणाल लिहायची कागदावरच, पण प्रत्येक युनिट झालं की स्कॅन करून कागद रद्दीत. दोघींच्या खोलीत एकच कपाट, त्यातले दीड कप्पे श्रद्धाचे. स्कॅनरच्या अ‍ॅपला क्लाउडची सोय होती, पण रोजच्या दीड जीबी डेटात ते परवडेना म्हणून तिने ती बंद ठेवलेली.

खोलीवर आल्यावर श्रद्धाने काही न बोलता लॅपटॉप उघडून पुढ्यात ठेवला. श्रद्धा कॉम्प्युटरला होती, आणि असल्या वेळी तिच्या अंगात एक तलाठी संचारायचा.

“आधी पैसे. रडायचं नंतर.”

श्रद्धाच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला लावून खात्याचं यूपीआय बंद केलं. मग कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून सिम बंद. पर्समध्ये एकशे वीस रुपये उरले. आता आठवडाभर चहासुद्धा रोखीनेच.

“आता गूगल. पासवर्ड आठवतोय ना?”

पासवर्ड आठवत होता. पण लॉगिन करताना गूगल विचारतं, तुमच्या फोनवर ‘होय’ दाबा. बॅकअप कोड मृणालने कधी काढून ठेवलेच नव्हते. सुटका झाली ती मार्चमधल्या एका असाइनमेंटमुळे. ती अपलोड करायला तिने याच लॅपटॉपवर लॉगिन केलं होतं आणि ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ची खूण तशीच राहिली होती. google.com/android/find उघडलं. नकाशावर स्वारगेटच्या अलीकडे एक करडा ठिपका, खाली ‘शेवटचं दिसलं’ ९.५२.

“पुसून टाकू सगळं?” मृणालने विचारलं.

“थांब. पुसलास की तो नकाशावर पुन्हा दिसणार नाही. आधी फक्त लॉक कर, स्क्रीनवर माझा नंबर टाक. चालू झालाच तर कळेल. आणि तिथे नावाशेजारचा तो ‘आय’ दाब.”

दाबल्यावर पंधरा आकडी आयएमईआय आला. श्रद्धाने तो वहीत उतरवला. “दोन सिमचा फोन आहे, म्हणजे नंबर दोन असणार. दुसरा खोक्यावर असेल. खोकं कुठाय?”

खोकं कराडला, माळ्यावर. बिलही तिथेच. आणि सिम बाबांच्या नावावर.

ही शेवटची गोष्ट मृणालला तोवर आठवलीच नव्हती. डुप्लिकेट सिम हवं तर ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः, आधार घेऊन, दुकानात यायचं. फोनवर आईने “अगं बाई” एवढंच म्हटलं आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी विचारलं, “तू ठीक आहेस ना? मग उद्या पहिल्या एसटीने येतो.”

ते मंगळवारी साडेअकराला आले. पिशवीत खोकं, बिल आणि आईने दिलेल्या दशम्या. चौकीत हवालदाराने आधी “हरवला का चोरीला?” असं विचारलं. मृणालने उघड्या चेनचं आणि पाचव्या रिंगचं सांगितल्यावर त्याने मान हलवून चोरी लिहून घेतली. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत दोन वाजले. सिम चारला मिळालं. बाबांनी ते आपल्या जुन्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं, रेंजही आली. पण ceir.gov.in वर फोन ब्लॉक करायचा अर्ज भरायला घेतला तर ओटीपी येईना.

“यायचाच नाही,” दुकानदार म्हणाला. “सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात ताई. नाहीतर कुणीही दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँक साफ करेल.”

अर्ज बुधवारी संध्याकाळी गेला. दोन्ही आयएमईआय, बिल, तक्रारीची प्रत, बाबांचं आधार. ब्लॉक झाल्यावर त्या फोनात देशातलं कुठलंच सिम चालणार नव्हतं. मृणालला त्यात फार समाधान वाटलं नाही. चोराला फोन हवा होता, तिला फाइली.

फाइलींची शोधाशोध मंगळवारी रात्रीच सुरू झाली होती. गूगल फोटोजमध्ये फळ्याचे फोटो होते, पण जानेवारीच्या शेवटापर्यंतच. पंधरा जीबी भरले होते आणि ‘बॅकअप थांबला आहे’ ही सूचना ती तीन महिने बोटाने बाजूला सारत आली होती. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच पंधरा जीबीत मोजला जातो, म्हणून तोही जानेवारीतच अडकलेला.

“बाबांचं सिम तुझ्या जुन्या स्मार्टफोनमध्ये घालून व्हॉट्सअ‍ॅप चालू करू?” मृणाल म्हणाली.

“अजिबात नाही!” श्रद्धा जवळजवळ ओरडली. “माझ्या लॅपटॉपवर तुझं व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं आहे. फोन बंद असला तरी ते चौदा दिवस चालतं. दुसऱ्या फोनवर नंबर नोंदवलास की इथलं त्याच क्षणी लॉगआउट. आधी इथून काय निघतं ते काढ.”

निघालं बरंच. स्वतःला पाठवलेले मेसेज, वर्गाच्या ग्रुपवरचे फोटो. पण जे फोटो म्हणून गेले होते ते व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेले. रिसेप्टरची चित्रं दिसायची, बाजूची अक्षरं नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या पीडीएफ मात्र जशाच्या तशा. पहिलं युनिट मिळालं, दुसरं अर्धं, चौथं एका ज्युनियरला पाठवलं होतं म्हणून पूर्ण. पाचवं कुठेच नाही.

तिसरं युनिट सायलीच्या चॅटमध्ये होतं.

ऑटोनॉमिक. दरवर्षी दहा मार्कांचा मोठा प्रश्न ज्यातून येतो ते. मृणालने फाइल उघडली नाही, कर्सर तिच्यावर नेऊन ठेवला फक्त. फेब्रुवारीत सायलीने मागितलं होतं, “तुझ्या नोट्स छान असतात, तिसरं देशील?” सायली आणि ती, दोघींचा पहिल्या सेमिस्टरपासून एका-दोन मार्कांचा फरक. मृणालने बावीस पानांची पीडीएफ घेतली, मधली चार पानं काढली आणि अठरा पाठवली. खाली लिहिलं, “पूर्ण आहे गं. ऑल द बेस्ट.”

काढलेली पानं चौदा ते सतरा. अँटिकोलिनएस्टरेजचा तक्ता. कुठलं औषध मेंदूत शिरतं, कुठलं नाही, कुठलं कशावर, विषबाधेत काय आणि किती. तिने तो तीन दिवस खपून केला होता.

फाइल उघडली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिच्याच हाताने घातलेला आकडा. तेरा. पुढचं पान, अठरा.

गुरुवारी सकाळी ती सायलीच्या हॉस्टेलवर गेली. पाचव्या युनिटसाठी, असं तिने स्वतःला बजावलं होतं. सायलीने पाचव्याची वही लगेच काढून दिली. मग म्हणाली, “तिसरंही घेऊन जा. तुझंच आहे. प्रिंट काढलीय मी.”

प्रिंट स्पायरल बाइंड केलेली. तेराव्या पानानंतर वेगळ्या, रेघी कागदाची चार पानं घातलेली. सायलीचं तिरकं अक्षर, आणि वर कोपऱ्यात तिनेही आकडे घातले होते: चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

मृणालने पानं बघितली, वर बघितलं नाही.

“तुला तेव्हाच कळलं?”

“आकडे दिसतात की गं,” सायली म्हणाली. “चिडले होते. आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही, तुला ते कळलंही नसेल. मग बसून टेक्स्टबुकातून काढलं.”

मृणाल “सॉरी” म्हणाली. तो शब्द इतक्या हळू निघाला की सायलीने “काय?” विचारलं आणि तिला तो पुन्हा म्हणावा लागला.

“बरं. वाच आणि चूक असेल तर सांग. मला सोळावं पान खात्रीचं वाटत नाही.”

मृणालने सोळावं वाचलं. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

“हे उलट झालंय. मायस्थेनियाला तू फायसोस्टिग्मिन लिहिलंयस.”

“मग?”

“ते टर्शरी अमाइन. मेंदूत शिरतं. मायस्थेनियात आपल्याला स्नायूवर काम हवंय, मेंदूत नको. तिथे निओस्टिग्मिन. ते क्वाटर्नरी, मेंदूत जात नाही, आणि स्नायूच्या निकोटिनिक रिसेप्टरवर थेटही काम करतं. फायसोस्टिग्मिन अ‍ॅट्रोपिनच्या विषबाधेत. धोतरा खाल्लेला पेशंट आठव, बडबडतोय, भ्रम होतोय. तो भ्रम उतरवायला औषध मेंदूत पोचायलाच हवं.”

सायलीने पेन्सिलीने दोन्ही नावं खोडून अदलाबदल केली. “आणि ऑर्गनोफॉस्फेट?”

“अ‍ॅट्रोपिन दोन मिलिग्रॅम शिरेतून, दर दहा मिनिटांनी, स्राव आटेपर्यंत. सोबत प्रालिडॉक्झिम, पण लवकर. उशीर झाला की एन्झाइमचं एजिंग होतं, मग ते सुटत नाही.” बोलता बोलता मृणालच्या लक्षात आलं की ती सतरावं पान न बघता सांगतेय.

दुपारी मेसचा डबा दोघींनी वाटून खाल्ला. चारनंतर पाचवं युनिट घेतलं. ते सायलीचं पक्कं होतं. ती विचारायची आणि मृणाल चुकायची. शुक्रवार आणि शनिवार असेच गेले. श्रद्धा मधे एकदा येऊन सांगून गेली की करडा ठिपका अजून तिथेच आहे आणि पोर्टलवर स्टेटस ‘ब्लॉक्ड’ दिसतंय.

रविवारी रात्री नऊला मृणाल उठली. सायली दारापर्यंत आली.

“ती चार पानं दुरुस्त करून तू नवीन लिहिलीस ना काल? तुझा तो तक्ता, मूळचा?”

“हो.”

“मला पाठव.”

“फोन कुठाय माझ्याकडे?”

“मग बस खाली,” सायली म्हणाली आणि रेघी कागदांचं पॅड तिच्या हातात दिलं. “चारच पानं आहेत. उतरवून दे.”