भंगार विक्रीतील वजनाच्या नोंदींमधील विसंगतीबाबत अंतर्गत अहवाल

गोपनीय

दिनांक : २ एप्रिल २०२५
ठिकाण : भोसरी, पुणे

प्रति,
दक्षता अधिकारी,
भोसरी कारखाना

विषय : मार्च २०२५ मधील लोखंडी भंगाराच्या तीन विक्रींमध्ये रिकाम्या टेम्पोचे वजन जास्त नोंदले गेल्याबाबत.

महोदया,

मी अंतर्गत लेखापरीक्षण विभागात कनिष्ठ अधिकारी असून दर तिमाहीच्या भंगार विक्रीची कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. हे काम करताना आढळलेल्या नोंदी आणि २५ मार्च रोजी मी स्वतः पाहिलेली घटना आपल्यासमोर ठेवत आहे. कोणी गैरव्यवहार केला असा निष्कर्ष या अहवालात काढलेला नाही. तो काढण्याचा अधिकार माझा नाही आणि त्यासाठी पुरेसा आधारही आज माझ्याकडे नाही. संबंधितांची नावे व टेम्पोचा नोंदणी क्रमांक सोबतच्या बंद लिफाफ्यात आहेत. अहवालात केवळ पदांचा उल्लेख केला आहे, कारण चौकशीआधीच एखाद्याचे नाव कारखान्यात फिरू लागले, तर तो निर्दोष ठरला तरी त्याचे नुकसान भरून निघत नाही.

कार्यपद्धतीनुसार ठेकेदाराचा टेम्पो गेटमधून आत आल्यावर प्रथम रिकामा आणि भंगार भरल्यानंतर पुन्हा काट्यावर चढवला जातो, आणि दोन वजनांतील फरकावर बिल निघते. त्यामुळे रिकाम्या टेम्पोचे वजन जितके जास्त नोंदले जाईल, तितक्या वजनाचे पैसे कंपनीला कमी मिळतात. विक्री दर मंगळवारी होते आणि ठेकेदार एकच टेम्पो वापरतो. फेब्रुवारीतील चारही मंगळवारच्या काटा पावत्यांवर या टेम्पोचे रिकामे वजन ३,४५० ते ३,४७० किलो आहे, तर ११ मार्च रोजी ते ३,४६० किलो आहे. मात्र ४ मार्च रोजी ३,८९०, १८ मार्च रोजी ३,९०५ आणि २५ मार्च रोजी ३,८९५ किलो अशी नोंद आहे. ३,४६० किलो हे वजन आधार धरल्यास या तीन दिवसांतील फरक अनुक्रमे ४३०, ४४५ आणि ४३५, म्हणजे एकूण १,३१० किलो होतो. करारातील प्रतिकिलो ३६ रुपये दराने ही रक्कम ४७,१६० रुपये होते. हा माझा हिशेब आहे. प्रत्यक्ष नुकसान तेवढेच झाले असे मी म्हणत नाही.

२५ मार्च रोजी सकाळी मी आवक मालाच्या पडताळणीसाठी गेटजवळ उभा होतो. ठेकेदाराचा टेम्पो आत आला, तेव्हा सुरक्षारक्षकाने माझ्यासमोर आवक नोंदवहीत १०.३१ ही वेळ लिहिली. टेम्पो उजवीकडे काट्याकडे न वळता सरळ भंगार आवारात गेला. भंगार भरायला सुरुवात होईपर्यंत मी त्याच्यामागोमाग आवारात उभा होतो आणि तेवढ्या वेळात तो काट्यावर चढला नाही. दुपारी हिशेब विभागात आलेल्या पावतीवर मात्र रिकाम्या वजनाची वेळ १०.१२ छापलेली होती, म्हणजे टेम्पो आत येण्याच्या १९ मिनिटे आधीची.

घड्याळे जुळत नसण्याची शक्यता लक्षात घेऊन मी त्याच संध्याकाळी दोन्ही घड्याळे माझ्या मोबाइलवरील वेळेशी ताडून पाहिली. काट्याच्या संगणकाचे घड्याळ ४ मिनिटे मागे, तर गेटवरील घड्याळ २ मिनिटे पुढे होते. ही दुरुस्ती केल्यास पावतीची वेळ १०.१६ आणि प्रवेशाची वेळ १०.२९ होते, आणि तरीही १३ मिनिटांचा फरक उरतो. त्या वेळी काट्यावर कोणती गाडी उभी होती हे मी पाहिलेले नाही. आवक नोंदवहीत १०.०८ वाजता सुटे भाग घेऊन आलेल्या एका गाडीची नोंद आहे. तिचा या पावतीशी संबंध आहे असे दाखवणारे काहीही माझ्याकडे नाही. त्या सुमारास आत असलेली गाडी म्हणून तिचा उल्लेख केला आहे.

उरलेल्या दोन दिवशी मी हजर नव्हतो आणि त्या दिवसांची कागदपत्रे सारखी बोलत नाहीत. ४ मार्च रोजी पावतीची वेळ १०.०५ आणि प्रवेशाची १०.२२ आहे, त्या दिवशी घड्याळांत किती फरक होता हे तपासता येत नाही. १८ मार्च रोजी प्रवेश ९.५१ आणि पावती ९.५८ अशी आहे, म्हणजे त्या दिवशी वेळेत विसंगती नाही, केवळ वजन जास्त आहे. ही बाब संशयाच्या विरुद्ध जाणारी असल्याने ती मुद्दाम नोंदवत आहे.

२५ मार्चच्या घटनेचे माझ्याखेरीज दोन साक्षीदार आहेत. पहिल्या पाळीच्या सुरक्षारक्षकाने टेम्पो सरळ आवारात गेल्याचे पाहिले असून तसे स्वहस्ताक्षरात लिहून दिले आहे. फोर्कलिफ्ट चालकाने टेम्पो आवारात येताच माल भरायला घेतल्याचे तोंडी सांगितले. लेखी देण्यास तो तयार नाही आणि मी आग्रह धरलेला नाही. याशिवाय एका कंत्राटी कामगाराने "हे बऱ्याच दिवसांपासून चाललंय" असे मला सांगितले. परंतु त्याने स्वतः काही पाहिलेले नाही, केवळ ऐकले आहे, म्हणून ते विधान मी आधार म्हणून धरलेले नाही.

२५ मार्च रोजी दुपारी, पावती पाहिल्यानंतर, मी काटा चालकाला वेळेबद्दल विचारले. त्यावर तो म्हणाला, "गर्दी असली की कधी कधी मागचंच रिकामं वजन उचलतो." हे खरे असू शकते, तसे करणे कार्यपद्धतीला धरून नसले, तरी त्यामागे लबाडीच असेल असे नाही. मात्र मागचे वजन घेतले असेल, तर ते १८ मार्चचे ३,९०५ किंवा ११ मार्चचे ३,४६० किलो असायला हवे होते. पावतीवर ३,८९५ आहे. टेम्पोत जादा चाक, ताडपत्री किंवा अन्य सामान असल्यानेही रिकामे वजन वाढू शकते. २५ मार्च रोजी आवारात मला त्यात असे जड सामान दिसले नाही, पण केबिनमध्ये मी पाहिले नाही. काट्याचे वैधमापन मुद्रांकन मुदतीत असल्याचे प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत लावलेले आहे.

काट्यासमोरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण मी पाहिलेले नाही, तसा मला अधिकार नाही. ते ३० दिवसांनी आपोआप पुसले जात असल्यामुळे ४ मार्चचे चित्रीकरण उद्या, ३ एप्रिल रोजी जाईल. म्हणून तिन्ही दिवसांचे चित्रीकरण आजच वेगळे जतन करावे, काट्याच्या संगणकातील मूळ नोंदींची प्रत माहिती तंत्रज्ञान विभागाने आपल्यासमक्ष घ्यावी, आणि पुढे गरज पडल्यास भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार लागणारे प्रमाणपत्र त्याच वेळी तयार करून ठेवावे, अशी विनंती आहे. नोंदी ताब्यात येईपर्यंत काटा चालक व ठेकेदार यांना पुन्हा प्रश्न विचारू नयेत. त्यानंतर मात्र काटा चालकाला त्याची बाजू लेखी मांडण्याची पूर्ण संधी मिळावी.

लेखी जबाब देणारा सुरक्षारक्षक कंत्राटी आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याची पाळी किंवा नेमणुकीची जागा आपल्या परवानगीशिवाय बदलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोबत आठ काटा पावत्यांच्या छायाप्रती, आवक नोंदवहीच्या तीन पानांच्या छायाप्रती, सुरक्षारक्षकाचा मूळ जबाब, घड्याळे ताडल्याची माझी २५ मार्चची सहीनिशी टिपणी आणि नावांचा बंद लिफाफा जोडला आहे. हा अहवाल मी आपल्याखेरीज कोणालाही दिलेला नाही.

आपला विश्वासू,
कनिष्ठ अधिकारी, अंतर्गत लेखापरीक्षण विभाग