बी.कॉम. तिसरे सेमिस्टर, बी-२ बॅच: आठवड्याचा अभ्यास (खानापूर–बेळगाव ये-जा धरून)

तू पाठवलेल्या कॉलेजच्या वेळापत्रकाच्या स्क्रीनशॉटमध्ये कोऱ्या दिसणाऱ्या चौकटी सहा, बुधवारचे सलग दोन तास एकच धरून. त्यातल्या चारच खऱ्या मोकळ्या आहेत, आणि एक मोकळा वेळ भरलेल्या चौकटीत लपला आहे.

शुक्रवारी 2:35 ची चौकट कोरी आहे ती फसवी. कॉम्प्युटर लॅब 1:40 ते 3:30 अशी दोन तासांची, पण नाव पहिल्याच चौकटीत छापलंय. मधली रेघ झूम करून बघ, दोन्ही चौकटी एकच आहेत. गुरुवारी मात्र याच वेळेला 'Lab B1' लिहिलंय. ती दुसऱ्या बॅचची, म्हणजे तुला 1:40 ते 3:30 सुट्टी. शनिवारचा शेवटचा रकाना स्क्रीनशॉटमध्ये अर्धा कापला गेलाय, त्यामुळे त्यातली कोरी जागा मी धरलेली नाही. नोटीस बोर्डावर बघून घे.

सोमवार 11:10–12:05: कॉस्ट अकाउंटिंगची थिअरी. तास 55 मिनिटांचा असला तरी जागा शोधणं, वही काढणं आणि पुढच्या वर्गात वेळेवर जाणं यात पंधरा जातात. 40 धर.

मंगळवारचा 2:35 चा तास मोकळा आहे, पण तो शेवटचा. कँटीनमध्ये बसण्यापेक्षा आधीची बस पकड. संध्याकाळी घरी 7:30 ते 9:00 स्टॅटिस्टिक्स.

बुधवार 9:55–12:05: आठवड्यातला सोन्यासारखा तुकडा. दोन तास आणि मधली सुट्टी सलग. कॉर्पोरेट अकाउंटिंगचे मोठे प्रॉब्लेम इथेच, शेअर फॉरफीचर आणि री-इश्यूचे दोन. जर्नल एंट्रीपासून बॅलन्स शीटपर्यंत एका बैठकीत झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ 'कुठे होतो' हे शोधण्यातच जातो. मैत्रिणी आल्या तरी 10:50 ला उठायचं नाही. डबा 1:00 ला.

गुरुवार 1:40–3:30: स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन. जेवणानंतर डोळे मिटतात, म्हणून वाचन नको, कॅल्क्युलेटर घेऊन गणितं. 90 मिनिटांत पाच.

शुक्रवारी कॉलेजात काहीच ठेवलेलं नाही. लॅबनंतर डोकं चालत नाही, आणि तो दिवस राखून ठेवला की आठवड्यात बुडालेलं संध्याकाळी भरून काढता येतं.

शनिवार 12:05–1:00: आठवड्यात चुकलेली गणितं, न बघता पुन्हा.

बसमध्ये अकाउंट्स उघडू नकोस. तिथे कन्नड: एका फेरीला दहा शब्द, अक्षरासकट, मागे मराठी अर्थ लिहून. मराठी माध्यमातून आलेल्यांना बोललेलं कन्नड समजतं, लिहिताना अडतं ते ಒತ್ತಕ್ಷರ, म्हणजे अक्षराखाली लागणाऱ्या जोडाक्षराशी. कन्नड शब्द बोटाने गिरवत म्हण.

कॉलेजातला वेळ: 40 + 110 + 90 + 40 = 280 मिनिटं. मंगळवारची संध्याकाळ धरून सहा तास दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात चार तास झाले तरी हाच तक्ता ठेव. एखादा स्लॉट सलग दोनदा बुडाला, तरच तो हलव.